दिवसाआड

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. पुण्यातील एका रुग्णालयाच्या अस्थिविभागात त्या रात्री अन्नम्मा या परिचारिकेची पाळी होती. संध्याकाळी एका खेड्यातील शेजाऱ्यांनी एका आजींना तेथे आणून सोडले होते. त्यांच्या मांडीचे हाड मोडले होते, व सकाळी शस्त्रक्रिया व्हावयाची होती. आजींच्या छातीवर जुन्या शस्त्रक्रियेचा उभा व्रण दिसताच डॉक्टरांना शंका आली. हृदयाची झडप बदललेल्या माणसाला रक्त गोठू न देणारी गोळी अनेकदा कायम घ्यावी लागते. आणि तशा स्थितीत शस्त्र चालविले, तर रक्तस्राव आवरणे कठीण होते.

नातवाला निरोप गेला. त्याने आजींच्या वहीतील एका पानाचे छायाचित्र मोबाईलवर पाठविले. पण पुढे त्याचा फोन लागेना. आजी तर वेदनाशामक इंजेक्शनामुळे गाढ झोपल्या होत्या.

अन्नम्मा मूळची केरळची. शाळेत हिंदी शिकल्यामुळे तिला देवनागरी अक्षरे लागत. मराठी मात्र तिला जेमतेमच कळे. छायाचित्र तिरपे आले होते. पानाच्या घडीची सावली नेमकी ओळीवर पडली होती. तिने चित्र मोठे करून एकेक अक्षर जुळविले : 'रक्ताची गोळी रात्री दिवसाआड १.' शेवटचा आकडा प्रथम तिला इंग्रजी नवासारखा भासला. रोज नऊ गोळ्या कोण घेईल? तो एकच असला पाहिजे. पण 'दिवसाआड' म्हणजे काय? 'दिवसा' हा शब्द तिला ठाऊक होता. मग गोळी दिवसा घ्यावयाची की रात्री? की रोज?

'रोज' असे लिहून टाकणे सोपे होते. परंतु तिची लेखणी थांबली. त्याच ओळीखाली तारखा होत्या आणि काहींपुढे फुल्या : ३, ५, ७, ९. मधल्या तारखा कोऱ्या होत्या.

तिने वॉर्डातील मावशींना हाक मारून तो शब्द दाखविला.

"दिवसाआड? अहो सिस्टर, एक दिवस घ्यायची, एक दिवस सोडायची," मावशी म्हणाल्या.

मावशींचा अर्थ आणि आजींच्या फुल्या जुळल्या. 'रोज' लिहिले असते, तर पुढे गोळी दुप्पट गेली असती. तरीही गोळीचे नाव पानावर नव्हतेच. अन्नम्माने सारे डॉक्टरांना कळविले. त्यांनी लगेच रक्त तपासावयास पाठविले. रक्त गोठण्याचे मान दर्शविणारा आकडा, ज्याला आय.एन.आर. म्हणतात, तो २.८ आला. अशा शस्त्रक्रियेपूर्वी तो साधारण १.५ च्या खाली हवा. सकाळची शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यात आली. पहाटे नातवाचा फोन आला; त्याने वेष्टनावरील नाव वाचून दाखविले : वॉरफरीन.

अन्नम्माने आपल्या वहीत 'दिवसाआड' लिहिले व त्यापुढे आपल्या मल्याळम लिपीत 'ओन्निडविट्ट' असा अर्थ टिपला. इतक्यात आजी जाग्या झाल्या.

"पोरी, रात्री गोळी दिली नाहीस ना?" त्यांनी क्षीण स्वरात विचारले. "काल माझा सोडायचा दिवस होता."