पिवळा शेरा कसा लिहायचा?

मैत्रिणींनो, मासिक बैठकीत प्रत्येक गटाच्या कामापुढे एक रंग लिहायचा असतो. काम वेळेत चाललंय तर हिरवा, वेळेत होणार नाही तर लाल, आणि अडचण दिसतेय पण अजून सावरता येईल तर पिवळा. काही छापील फॉर्मवर या पिवळ्यालाच ‘अंबर’ म्हणतात. आपल्याकडे हिरवा भरपूर लिहिला जातो आणि लाल नाइलाजाने, शेवटच्या आठवड्यात. पिवळा मात्र क्वचितच दिसतो. पिवळं लिहिलं की आपलीच चूक कबूल केली, असं वाटतं ना? मोठ्या कंपन्यांतसुद्धा हेच होतं. तिथे अशा अहवालाला कलिंगड म्हणतात, वरून हिरवं आणि कापलं की लाल.

पिवळा कधी लिहायचा हे मनाने ठरवायचं नाही, वहीवरून ठरवायचं. एक उदाहरण घेऊ.

समजा, भोर-वेल्ह्याच्या बाजूच्या एका गटाने पुण्याच्या ग्राहकांना ६०० किलो इंद्रायणी तांदूळ द्यायचं कबूल केलंय, एक-एक किलोच्या पिशव्यांत. गाडी १६ डिसेंबरला सकाळी निघणार, म्हणजे १५ च्या संध्याकाळी सगळ्या पिशव्या तयार हव्यात. परतीच्या पावसाने थोडं थांबवलं, पण भात नीट वाळवून ३० नोव्हेंबरपर्यंत गिरणीतून आलं. (ओलं भात घाईने भरडलं की कणी जास्त पडते, त्यामुळे तिथे दोन दिवस गेले ते बरंच झालं.) आता उरलं निवडणं आणि भरणं. सहाजणी बसणार, एकीचे दिवसाला १० किलो, म्हणजे रोज ६० किलो. १ डिसेंबरला सुरू करून १० डिसेंबरला निवडण संपणार. हाताशी पाच दिवस मोकळे.

४ डिसेंबरच्या संध्याकाळी वही उघडली, तर असं दिसलं:

१ डिसेंबर – ६० किलो, हजर ६
२ डिसेंबर – ४८ किलो, हजर ५
३ डिसेंबर – ४० किलो, हजर ४
४ डिसेंबर – ४० किलो, हजर ४

चार दिवसांत २४० किलो व्हायला हवे होते, झाले १८८. इथे बऱ्याचजणी म्हणतील, “बावन्न किलोच मागे आहोत, एक दिवस जास्त बसू की!” पण मागे किती राहिलो यापेक्षा आता वेग किती आहे ते बघायचं. शेवटच्या तीन दिवसांत १२८ किलो, म्हणजे दिवसाला साधारण ४३. उरलेत ४१२ किलो. या वेगाने अजून दहा दिवस लागतील. ५ तारखेपासून मोजलं तर १४ डिसेंबर उजाडतो. पाच दिवसांची मोकळीक होती, त्यातला एकच दिवस उरला.

म्हणून शेरा पिवळा. लाल का नाही? कारण आजच्या वेगानेही १५ च्या आत काम होतंय. हिरवा का नाही? कारण आता एखादी आजारी पडली किंवा एक दिवस वीज गेली, तर ती झळ सोसायला जागा नाही.

तीच वही पुढे वाचली तर दुसरी गोष्ट सापडते. पिशव्यांवर चिकटवायची लेबलं. छपाईवाल्याने आधी २ डिसेंबर सांगितलं होतं, मग ६, आणि आता १०. भरायला दोन दिवस लागतात, म्हणजे लेबलं १३ च्या संध्याकाळपर्यंत आली तरी चालतील. वरवर पाहता तीन दिवस हातात आहेत. पण हा माणूस दोनदा, प्रत्येक वेळी चार दिवस पुढे गेलाय. तिसऱ्यांदाही तसंच केलं तर १४ उजाडेल आणि गाडी चुकेल. “येतील हो लेबलं” हा पुरावा नव्हे. तारखा बदलल्याच्या तीन नोंदी हा पुरावा आहे, आणि त्या वहीत आहेत, कारण कुणीतरी जुनी तारीख खोडली नाही, नुसती आडवी रेघ मारून नवी शेजारी लिहिली. जुनी तारीख कधी गिरवू नका, पांढरी शाई तर अजिबात लावू नका.

एफएसएसएआयचा १४ अंकी नोंदणी क्रमांक लेबलवर लागतो. त्यामुळे “तोवर साध्या पिशवीत भरू, लेबल मागून लावू” ही पळवाट इथे चालत नाही. छपाईला देण्याआधी तो क्रमांक बरोबर आहे ना, हेही तपासून ठेवलेलं बरं. चुकीचा छापला तर परत नवी तारीख.

आता शेऱ्याखाली काय लिहायचं? नुसतं ‘पिवळा, थोडा उशीर’ लिहिलं तर प्रभागसंघाच्या ताईंना काहीच कळत नाही. ‘८० टक्के काम झालं’ हेही तसंच फसवं. कशाचे ८० टक्के? किलो लिहा, आणि तेही निवडून झालेले. न निवडलेला तांदूळ तोलून त्यातून वजाबाकी करू नका, कारण कणी-खडे बाहेर जातात आणि हिशोब गंडतो. आपल्या उदाहरणातला शेरा असा लिहिता येईल:

“पिवळा. ४ डिसेंबरअखेर १८८ किलो निवडून झाले, ठरले होते २४०. दोन सभासद घरच्या झोडणीला गेल्याने चारजणी हजर. या वेगाने निवडण १४ डिसेंबरला संपेल, गाडीआधी एकच दिवस मोकळा. लेबलांची तारीख दोनदा पुढे गेली, आता १० सांगितली आहे. १३ नंतर आली तर माल निघणार नाही. शेजारच्या गटातून दोघी मिळाल्या तर रोज ६० किलो होऊन ११ ला संपेल. ८ डिसेंबरच्या संध्याकाळी एकूण ३४० किलोपेक्षा कमी भरले, किंवा १० ला लेबलं आली नाहीत, तर शेरा लाल करू आणि ग्राहकांना त्याच दिवशी फोन करू.”

३४० कुठून आले? ९ ते १४ हे सहा दिवस, रोज ४३, म्हणजे साधारण २६० किलो निघतील. ६०० मधून ते वजा केले. हा आकडा आधीच लिहून ठेवला की ८ तारखेला कुणाला वाद घालावा लागत नाही. झोडणीला गेलेल्यांची नावं शेऱ्यात घातलेली नाहीत हेही पाहा. प्रभागसंघाला माणसं हवीत की नकोत एवढंच ठरवायचंय, कोण का गेलं ते गटाच्या बैठकीत बोलायचं.

एक अडचण मात्र राहते. वहीच बैठकीच्या आदल्या रात्री बसून भरली असेल तर? ते ओळखता येतं. रोजचा आकडा ठोक ६०, ६०, ६०, एकच शाई, एकच हात, हजेरीत कुणी कधीच गैरहजर नाही. खऱ्या निवडणीत कधी ५७ असतं, कधी ४३. अशी वही दिसली तर त्यावरून हिरवा की पिवळा हे ठरवूच नका. तागडी काढा, निवडलेला तांदूळ एकदा सगळ्यांसमोर तोला आणि त्या दिवसापासून नव्याने नोंद सुरू करा. रेंज नसलेल्या वाड्यांत संध्याकाळी पानाचा फोटो काढून ठेवावा आणि रेंजमध्ये आल्यावर गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकावा. फोटो उशिरा पोचला तरी मोबाइलमध्ये तो काढल्याची तारीख राहते.