वळवाची सर आणि कॉफीचा पेला

कर्नाटकातील कोडगू किंवा चिक्कमगळूरू जिल्ह्यात फेब्रुवारी-मार्च महिन्यांत कॉफीच्या मळ्यात गेलात, तर झुडपांच्या फांद्यांवर पानांच्या बगलेत तांदळाच्या दाण्याएवढ्या हिरवट कळ्यांचे झुबके दिसतील. या कळ्या पावसाळ्यानंतर धरलेल्या असतात. पण तेवढ्या झाल्यावर त्यांची वाढ थांबते, आणि आठवडेच्या आठवडे त्या तशाच बसून राहतात. मग एखाद्या संध्याकाळी वळवाची दमदार सर येते. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, पहाटे, सगळा मळा एकाच वेळी पांढराशुभ्र फुलतो आणि मोगऱ्यासारखा वास दरवळू लागतो. दोन-तीन दिवसांत फुले कोमेजून जातात.

या कळ्या नेमकी कशाची वाट पाहत असतात? आणि हीच सर एकदम न येता तुकड्यातुकड्यांनी आली, तर मळेवाला चिंतेत का पडतो? एकूण पाणी तर तेवढेच पडलेले असते! या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला सावलीपासून थेट पेल्यातील चवीपर्यंत जावे लागेल. वाटेत सर्वत्र एकच गोष्ट भेटेल, ती म्हणजे पाण्याची टंचाई आणि त्या टंचाईतून होणारी सुटका.

सावली कशासाठी?

अरेबिका कॉफी ही मूळची इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ जंगलांतली. तेथे ती उंच वृक्षांच्या खाली वाढते. आपल्याकडील मळ्यांतही ती मोठ्या झाडांच्या छायेत लावतात. खाली पांगारा, त्याच्यावर सिल्व्हर ओक, फणस, उंबर, शिसवी यांचे छत्र आणि त्यांच्या खोडांवर चढवलेले मिरीचे वेल, अशी ही मांडणी असते. आपल्या विदर्भात चिखलदऱ्यालाही थोडी कॉफी होते.

सावलीने काय साधते ते आकड्यांनी पाहू. समजा, मार्चमधील दुपारी हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के आहे. ३० अंशांना संपृक्त बाष्पदाब सुमारे ३२ मिलिमीटर पारा असतो. म्हणजे हवेतील बाष्पाचा दाब झाला १६ मिलिमीटर. पानाच्या आतील पोकळ्यांत मात्र हवा जवळजवळ संपृक्त असते. सावलीतील पानाचे तापमान हवेइतकेच, म्हणजे ३० अंश धरले, तर पानाच्या आतील आणि बाहेरील बाष्पदाबांतील फरक ३२ उणे १६, म्हणजे १६ मिलिमीटर होतो. हा फरकच बाष्पाला पानाबाहेर ढकलतो. आता भर उन्हातील पान ३८ अंशांपर्यंत तापले असे धरू. ३८ अंशांना संपृक्त बाष्पदाब सुमारे ५० मिलिमीटर असतो. म्हणजे फरक झाला ३४ मिलिमीटर. तापमान केवळ ८ अंशांनी वाढले, पण पाणी ओढून घेणारा जोर दुपटीहून अधिक झाला!

एवढी ओढ लागली की पान आपली पर्णरंध्रे मिटून घेते. रंध्रे मिटली की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, म्हणून जादा ऊन असूनही जादा अन्न तयार होत नाही. शिवाय उघड्या, उन्हात तापलेल्या खोडांच्या सालीच्या भेगांत अंडी घालणे पांढऱ्या खोडकिड्याच्या भुंग्याला आवडते. त्याची अळी खोड पोखरते आणि झुडूप वाळते. मात्र सावली फार दाट झाली तर कळ्याच कमी धरतात. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी, आकाश ढगाळ होऊ लागले की, पांगाऱ्याच्या फांद्या छाटून उजेड वाढवतात. उन्हाळ्यात मात्र छत्र राखतात.

तहान लागल्याशिवाय फूल नाही

आता कळ्यांकडे वळू. पाणी मिळाले की कळी फुलते, हे खरे. मग झाडाला वर्षभर पाणी देत राहिलो तर ती केव्हाही फुलेल, असे वाटणे साहजिक आहे. पण तसे होत नाही. १९६० साली पावलो अल्विम या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, सतत ओल मिळणाऱ्या झाडांच्या कळ्या सुप्तच राहतात. आधी कोरडा काळ जावा लागतो, आणि त्यानंतर मिळालेले पाणीच त्यांना जागे करते.

याचा अर्थ समजण्यासाठी झाडातील पाण्याचा विचार करा. मुळांपासून पानांपर्यंत सूक्ष्म नलिकांतून पाण्याचे अखंड धागे गेलेले असतात आणि पाने ते वर खेचत असतात. जमीन कोरडी पडत जाते तसा या धाग्यांवरील ताण वाढतो. कुंडीतील कॉफीच्या झाडांवरील प्रयोगांत असे आढळले की, हा ताण पहाटेच्या वेळीही सुमारे ८ वातावरण दाबाइतका झाला असेल, तरच नंतरच्या पाण्याने कळ्या फुलतात. पहाटेची वेळ घेण्याचे कारण असे की, रात्रभरात झाड आणि जमीन यांच्यातील ताण जवळजवळ सारखा झालेला असतो.

या कोरड्या काळात कळीच्या आत बदल होतात आणि पाणी आत शिरण्याची तिची वाट मोकळी होते, असे मानले जाते. मग सर आली की ताण एकाएकी उतरतो, कळीच्या पेशी पाणी पिऊन ताणल्या जातात आणि काही दिवसांतच कळी तिपटी-चौपटीने लांब होते. पावसाबरोबर येणारा गारवा आणि झाडातील वाढीची संप्रेरके यांचाही या कामात वाटा असतो.

सर किती मोठी हवी? जाणकार मळेवाले निदान एक इंचाची, म्हणजे २५ मिलिमीटरची अपेक्षा ठेवतात. फुलोऱ्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी सर मिळाली, तर धरलेली फळे टिकतात. रोबस्टा जातीला पहिली सर अरेबिकापेक्षा लवकर लागते, म्हणून कोडगूतील अनेक मळ्यांत पावसावर न विसंबता तुषार सिंचनाने पाणी देतात. एका एकराला किती पाणी लागेल? एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्याला ०.०२५४ मीटरने गुणले की सुमारे १०३ घनमीटर, म्हणजे १ लाख ३ हजार लिटर पाणी होते. सेकंदाला १० लिटर पाणी देणारा पंप जवळजवळ तीन तास चालवावा लागेल. मळ्यातील तळे उन्हाळ्यापूर्वी आटले, तर हे पाणी आणायचे कोठून हा प्रश्न उभा राहतो.

अपुऱ्या सरीचा परिणाम

आता समजा, २५ मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटरचीच सर पडली. त्यामुळे काही कळ्या जाग्या होतात, काही अर्धवट उमलून वाळतात आणि बाकीच्या झोपूनच राहतात. तीन आठवड्यांनी पुन्हा एक सर येते, तेव्हा उरलेल्यांपैकी काही फुलतात. अरेबिकाचे फळ पिकायला आठ-नऊ महिने लागतात. म्हणून डिसेंबरमध्ये एकाच फांदीवर लाल, पिवळी आणि हिरवी फळे शेजारी शेजारी दिसतात. तोडणीच्या फेऱ्या वाढतात, मजुरी वाढते, आणि घाई केली तर कच्ची फळे पिकलेल्यांत मिसळतात.

कच्च्या फळांनी काय बिघडते? पिकलेली निंबोळी चिमटीत दाबली की बी सुटकन बाहेर येते. कच्ची दाबून पाहा, बी हलत नाही. कॉफीच्या फळाचेही तसेच आहे. ओल्या पद्धतीत फळे पल्पर नावाच्या यंत्रातून काढून साल व गर वेगळा करतात. बुळबुळीत थर तयार झालेल्या पक्क्या फळांतूनच बी सहज निसटते. कच्च्या फळांतील बिया यंत्रात ठेचल्या जातात. म्हणजे मार्चमधील सर नीट पडली की नाही, यावर डिसेंबरमध्ये कोणती पद्धत वापरता येईल हे बऱ्याच अंशी ठरते.

दोन पद्धती

ओल्या पद्धतीत फळे तोडलेल्या दिवशीच पल्परमधून काढतात. बियांवर अजून बुळबुळीत थर असतो. तो पाण्याने सुटत नाही, म्हणून बिया टाकीत आंबत ठेवतात. अरेबिकाला साधारण २४ ते ३६ तास पुरतात. सूक्ष्मजीव आणि विकरे त्या थरातील पेक्टिन फोडतात. काम झाले हे ओळखण्याची खूण सोपी आहे. मूठभर बिया धुऊन चोळाव्यात. त्या खड्यांसारख्या खरखरीत लागल्या म्हणजे झाले. याहून जास्त वेळ ठेवल्यास बियांना कुजका वास लागतो आणि असे थोडे दाणेही सगळी कॉफी बिघडवतात. मग बिया स्वच्छ धुऊन, त्यांच्यावरील टणक टरफलासह उन्हात वाळवतात.

कोरड्या पद्धतीत अखंड फळेच अंगणात पसरतात. समजा १०० किलो फळांत ६५ किलो पाणी आणि ३५ किलो घन पदार्थ आहे. शेवटी पाण्याचे प्रमाण १२ टक्के उरायचे, तर एकूण वजन ३५ भागिले ०.८८, म्हणजे सुमारे ४० किलो व्हायला हवे. म्हणजे ६० किलो पाणी साल आणि गर यांच्यातून बाहेर यायचे! त्याला उन्हात दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. थर जाड झाला, उलथापालथ कमी झाली किंवा रात्री दव पडताना ढीग झाकला नाही, तर बुरशी चढते. नीट वाळलेली फळे मुठीत हलवली की आत बी खुळखुळते.

चव का बदलते?

ओल्या पद्धतीची कॉफी स्वच्छ चवीची आणि हलक्याशा रसरशीत आंबटपणाची लागते. पिकलेल्याच फळांपासून काळजीपूर्वक केलेली कोरड्या पद्धतीची कॉफी जिभेवर भरीव, गोडसर आणि फळांच्या वासाची लागते. मात्र पल्परला न चालणारी कच्ची आणि जून फळेही बहुधा कोरड्या पद्धतीकडेच जातात, म्हणून ती कॉफी बरेचदा कमी प्रतीची निघते.

गोडसरपणाचे कारण म्हणून, गरातील साखर बीमध्ये मुरते, असे सांगितले जाते. पण जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील डिर्क सेल्मार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळेच दाखवले. २००६ सालच्या त्यांच्या संशोधनाचा सारांश असा, की वाळत असलेले बी जिवंत असते. गर निघाला की ते रुजायची तयारी सुरू करते आणि ही हालचाल दोनएक दिवसांत शिगेला पोचते. या खटाटोपात बीमधील ग्लुकोज व फ्रुक्टोज बरेचसे खर्च होतात. अखंड फळात मात्र गर रुजण्याला अडवून धरतो, म्हणून या साखरा अधिक शिल्लक राहतात. तेथे बी हळूहळू कोरडे पडते, आणि पाण्याच्या टंचाईत वनस्पती जे गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल साठवतात, ते त्यात वाढते. भाजताना साखरा आणि अमिनो आम्ले यांच्या संयोगातून कॉफीचा वास व रंग तयार होतो. म्हणून कच्च्या दाण्यांतील हा फरक पेल्यापर्यंत पोचू शकतो. चवीतील सगळाच फरक यामुळे पडतो असे नाही. टाकीतील सूक्ष्मजीव आणि फळांचा पक्वपणा यांचाही त्यात हात असतो.

करून पाहा

पिकलेल्या टोमॅटोच्या बिया गरासह काढा. त्यांचे दोन सारखे भाग करा. एक भाग थोड्या पाण्यात दोन दिवस ठेवा, मग धुऊन चोळून पाहा. बुळबुळीत थर सुटून बिया खरखरीत लागतील. हीच कॉफीची ओली पद्धत. या बिया आणि दुसऱ्या ताज्या टोमॅटोतील थरासहित तेवढ्याच बिया दोन बशांत पसरून सावलीत वाळवा. रोज ठरावीक वेळी दोन्हींचे वजन करा आणि वजन व दिवस यांचा आलेख काढा. नंतर दोन्ही प्रकारच्या बिया ओल्या कापडात ठेवून, कोणत्या आधी आणि किती रुजतात ते मोजा.