पाठ : लोणच्याच्या बरणीवरील चिठ्ठी

प्रभादेवी येथील एक गृहिणी शेजाऱ्यांस कैरीचे लोणचे विकते, असे समजू. तिने बरणीवर लिहिले : ‘कैरी, मीठ, तिखट, हळद, मोहरी, मेथी, हिंग, शेंगदाण्याचे तेल.’ यादी खरी, परंतु अपुरी आहे. बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. ज्यास गहू बाधतो, त्यास केवळ ‘हिंग’ या शब्दावरून हे उमगत नाही. यास्तव हिंगाच्या डबीवरील घटक वाचून, त्यांत गहू आढळल्यास तिने पुढे लिहावे : ‘यात गहू, भुईमूग व मोहरी आहेत. केल्याचा दिनांक : १२ मे २०२५. ओल्या चमच्याने बुरशी येते. चमचा कोरडा असावा. फोडी तेलात बुडालेल्या ठेवाव्यात.’

शिक्षकांनी विद्यार्थ्यांस घरच्या हिंगाच्या डबीवरील घटक उतरवून आणण्यास सांगावे.