लहान पुडा आणि मोठा पुडा

वाण्याच्या दुकानात चहाचा मोठा पुडा लहान पुड्याच्या मानाने स्वस्त पडतो. बांधणावळ वाचते हे त्याचे एक कारण खरे. परंतु तो खर्च शून्य धरला तरीही फरक उरतो. अर्थशास्त्रात यास दुसऱ्या श्रेणीचा मूल्यभेद म्हणतात. हिशेबासाठी काही आकडे कल्पून आपण तो समजून घेऊ.

व्यापाऱ्याकडे दोन कुटुंबे येतात. एकात चहा सकाळ-संध्याकाळ तेवढा होतो. दुसऱ्यात पाहुण्यांचा राबता असल्याने आधण सदैव चुलीवर. पहिल्यास महिन्याला अर्धा किलो चहा १६० रुपये मोलाचा वाटतो, एक किलो २५० चा. दुसऱ्यास अर्धा किलो २०० चा, एक किलो ३५० चा. व्यापाऱ्यास किलो २०० रुपयांना पडतो. कोणते कुटुंब कोणते, हे त्यास ओळखता येत नाही. आणि विचारल्यास खरे कोण सांगणार!

त्याने अर्धा किलो १६० ला व किलो ३५० ला ठेवला, तर तो फसेल. मोठ्या पुड्यात दुसऱ्या कुटुंबाचे काहीच वाचत नाही; लहान पुडा घेतल्यास ४० रुपयांचा लाभ उरतो. म्हणून मोठ्या पुड्यावरही ४० सोडून किंमत ३१० ठेवावी लागते. (बरोबरीत गिऱ्हाईक मोठाच पुडा घेते असे आपण धरू.) नफा ६० आणि ११०, मिळून १७०.

हा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला, तेव्हा पुढची पायरी प्रथम कोणास पटेना. व्यापारी लहान पुडा आणखी लहान करतो! पाव किलोचे मोल पहिल्यास ९५, दुसऱ्यास ११० वाटते असे धरू. पाव किलो ९५ ला ठेवला की दुसऱ्याचा मोह १५ रुपयांचाच उरतो, आणि मोठा पुडा ३३५ ला खपतो. लहान पुड्यावरील नफा ६० वरून ४५ वर उतरला, पण मोठ्यावरील १३५ झाला, एकूण १८०. पहिल्या कुटुंबास अर्धा किलो हवा होता आणि तो देणे व्यापाऱ्यास परवडतही होते. तरी तो मिळाला नाही, तो केवळ दुसऱ्यास लहान पुडा नकोसा वाटावा म्हणून. फ्रेंच अभियंता ज्यूल द्यूपुई याने १८४९ साली रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या उघड्या डब्यांविषयी हेच ताडले होते: छप्पर नाही ते खर्च वाचविण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्यांनी तिकडे वळू नये म्हणून.

मोठ्या चहाबाजांची चार कुटुंबे आणि लहान एकच असेल, तर दोन पुड्यांचा नफा ५८५ होतो. केवळ मोठा पुडा ३५० ला विकल्यास ६००. मग लहान पुडा दुकानातून नाहीसाच होतो.

मात्र या योजनेस एक भोक आहे. चार लहान कुटुंबांनी ३३५ चा एकच पुडा घेऊन वाटून घेतला, तर पाव किलो प्रत्येकी ८४ रुपयांच्या आतच पडतो, आणि ९५ चा पुडा मांडणीवर तसाच राहतो.