पाठवायचं नसलेलं पत्र

सातारा, रविवार सकाळ

प्रिय चिऊ,


काल रात्री तू दादाला लिहिलेला मेसेज फोनवर वाचून दाखवलास आणि विचारलंस, "मावशी, पाठवू का?" मी म्हटलं, आधी तो कागदावर उतरव आणि फोनमधून पुसून टाक. तू चिडलीस, पण ऐकलंस. आज सकाळी त्या कागदाचा फोटो आला. पुढचं फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून ही पानं लिहून त्यांचे फोटो पाठवतेय.

कागदच का, ते आधी सांगते. मेसेजच्या चौकटीत लिहिताना अंगठा त्या हिरव्या बाणापासून बोटभर अंतरावर असतो. नंतर पुसता येतं खरं, पण "हा मेसेज पुसला" एवढी ओळ समोरच्याला दिसतेच, आणि मग तो मनानेच मजकूर रचतो. दुसरं म्हणजे, पाठवायचं आहे असं वाटत असलं की माणूस राग पूर्ण ओतत नाही. समोरच्याला लागेल असे शब्द निवडत बसतो. पत्र जाणारच नाही हे पक्कं असलं की मन खरं बोलतं. तुझ्या कागदावर शेवटी "मी फार दमलेय रे" असं आलंय. फोनवर वाचलेल्या मेसेजमध्ये ते नव्हतं.

शाळेत इतिहास शिकवताना मी मुलांना लिंकनची एक गोष्ट सांगायचे. जुलै 1863 मध्ये गेटिसबर्गची लढाई जिंकूनही जनरल मीडने हरलेल्या लीच्या सैन्याला पोटोमॅक नदीपार निसटू दिलं. 14 जुलैला लिंकनने मीडला खरमरीत पत्र लिहिलं आणि ते पाठवलंच नाही. पाकिटावर "कधी पाठवलं नाही, सही केली नाही" अशी नोंद करून ठेवून दिलं. मुलांना एवढंच आवडायचं. मला त्यापुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. आठवड्याने, 21 तारखेला, त्याने जनरल हॉवर्डला पत्र लिहिलं. ली निसटल्याचं आपल्याला फार लागलं हे त्यात त्याने लपवलं नाही. पण काही दिवस गेल्यावर जे झालं त्याबद्दल आपण कृतज्ञ आहोत आणि मीडवर आपला विश्वास आहे, असंही सांगितलं. म्हणजे राग गिळला नाही, त्यातलं सांगण्यासारखं तेवढं वेगळं काढलं.

आता तुझा कागद घे आणि एक पेन्सिल. डोळे मिटून आठवलं तर जे दिसतं किंवा ऐकू येतं, त्याखाली रेघ मार. दादा शनिवारी येणार होता. शुक्रवारी रात्री "जमेल असं वाटत नाही, सॉरी" एवढंच आलं. सोमवारपासून तुला कामावर जायचंय. आईला बाथरूमला जाताना अजून धरावं लागतं. दोन पानांत रेघा मारण्यासारख्या एवढ्या चारच गोष्टी मला सापडल्या.

मग ज्या वाक्यांत तू त्याच्या मनात शिरलीस, त्यांना गोल कर. "तुला आईची काडीइतकी फिकीर नाही." "वहिनीनेच सांगितलं असेल, नको जाऊस म्हणून." हे तुला माहीत नाही, तुला वाटतंय. आणि असं एक वाक्य जरी मेसेजमध्ये राहिलं, तरी दादा बाकीचं सोडून तेवढ्याचंच उत्तर देईल. "वहिनीला मध्ये आणू नकोस" यावर तासभर भांडण होईल आणि आईजवळ कोण थांबणार ते राहूनच जाईल. "नेहमी" आणि "कधीच" यांनाही गोल कर. त्याने एकदा जरी वेळेवर काही केलं असेल, तर तो नेमकं तेच काढेल.

उरले टोमणे. ते खोडायच्या आधी उलटून बघ, कारण मागणी बहुतेक वेळा त्यांच्याच पोटात असते. "मी काय रिकामटेकडी आहे?" म्हणजे मला कामावर जायचंय. "आता ऐनवेळी मी कुठून माणूस आणू?" म्हणजे माणूस तू शोध. पण "पैसे पाठवले की झालं का?" यावर जरा थांब. तुला तो स्वतः यायला हवाय, की कुणीतरी आलं तरी चालेल? तो स्वतः हवा असताना नुसती बाई मागितलीस, तर तो दोन मिनिटांत हो म्हणेल आणि तू आणखी चिडशील. हे मला ठरवता येणार नाही. मी धरून चालते की आधी तो, आणि नाहीच जमलं तर बाई.

"बाबांच्या वेळीही असंच केलंस" हे खरं आहे, मी होते तिथे. पण तो वेगळा हिशेब आहे. तो समोरासमोर बसून मांड, मेसेजमध्ये नको. "ते नंतर बोलू" असंही लिहू नकोस, ती धमकी वाटते.

मेसेज कोऱ्या जागी नव्याने लिही. जुन्यातलेच शब्द खोडत बसलीस तर धुराचा वास राहतो. मी लिहिला असता तो असा:

"दादा, तू शनिवारी येणार हे धरून मी सोमवारी कामावर येते असं कळवलं होतं. शुक्रवारी रात्री तुझा मेसेज आला तेव्हा मी खूप चिडले, आणि घाबरलेही. आईला बाथरूमला जाताना अजून धरावं लागतं, दिवसा एकटं ठेवता येत नाही. मी बुधवारपर्यंत रजा वाढवून घेते. गुरुवारपासून आठ दिवस तू येशील का? अजिबात जमत नसेल तर दिवसभराची बाई तू फोन करून ठरव, नंबर मी देते. उद्या संध्याकाळपर्यंत सांग."

"चिडले" मुद्दाम ठेवलंय. ते काढून "मला राग नाहीये, पण..." असं लिहिलंस तर त्याला ते खोटं वाटेल. "बघ, जमलं तर" असंही नको. काय हवंय, कधीपासून, आणि कधीपर्यंत कळवायचं, हे इतकं स्पष्ट हवं की उत्तर हो किंवा नाही असंच यावं. पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाच, तेही तुझ्या नव्हे, दादाच्या सगळ्यात वाईट मूडमधल्या आवाजात. कुठे टोचलं तर ते वाक्य बदल.

आणि पहिला कागद आज फाडून टाक, बारीक. मी एकदा चुलतबहिणीला रागात आंतर्देशीय लिहिलं आणि चालत जाऊन लाल पेटीत टाकलं. घरी पोचेपर्यंत राग उतरला होता, पण पेटीत हात जात नाही. वीस वर्षांनी तिच्याकडे लग्नाला गेले, तर ते कपाटात साड्यांच्या घडीत सापडलं. तिने जपून ठेवलं होतं. आम्ही दोघीही त्याबद्दल काही बोललो नाही.

उद्या परत असंच दोन पानं लिहावंसं वाटलं तर लिही. परवाही तेच वाटलं आणि तीच वाक्यं आली, तर मात्र लिहू नकोस, मला फोन कर. तेच तेच घोटलं की राग निवत नाही, मुरतो.

दादा काय म्हणेल ते म्हणो, मंगळवारी सकाळच्या एसटीने मी येतेय. आईला सांग, मेतकूट आणतेय. आणि वॉकर पलंगाच्या उजव्या बाजूला ठेव, ती त्याच बाजूने उठते.

तुझी,
मावशी