एकांतात प्रेम, चारचौघांत ‘ओळखीची’

प्रश्न : दोन वर्षांचं नातं आहे. एकांतात तो खूप प्रेमळ असतो. ऑफिसात, मित्रांत मात्र मला फक्त ‘ओळखीची’ म्हणतो. काय समजायचं?

उत्तर : त्याचं प्रेम खोटं आहे असं लगेच ठरवू नका, प्रश्न बांधिलकीचा आहे. मानसशास्त्रज्ञ जस्टिन लेहमिलर यांच्या २००९मधल्या अभ्यासात, नातं लपवणाऱ्यांमध्ये बांधिलकी कमी आढळली. जातीची, घरच्यांची, बॉसची भीती खरी असू शकते, हे मान्य. पण अशी भीती नेमकी सांगता येते, आणि भिणारा माणूसही एखाद्या जिवलग मित्राजवळ मन मोकळं करतो. ऑफिसशी, घराशी संबंध नसलेल्या मित्रापासूनही तो तुम्हाला लपवत असेल, तर त्याला बहुधा स्वतःची वाट मोकळी ठेवायची आहे. ‘कुणाला, कधी सांगशील?’ एवढंच विचारा. तारीख पुढे ढकलली जात राहिली, तर त्याच्यासाठी थांबू नका.