एका परवानगीपत्राचा अभ्यास

एम. ए.च्या पहिल्या वर्षी कादंबरीच्या अभ्यासपत्रिकेसाठी मी एक सत्रनिबंध लिहिला होता. विषय होता ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीतील प्रथमपुरुषी निवेदन. बारा पानांचा निबंध. गुणही बरे मिळाले. दुसऱ्या वर्षी प्रबंधिकेचा विषय ठरला, ‘आरंभीच्या मराठी कादंबरीतील विधवेचे चित्रण’, आणि साहजिकच मनात आले की तो निबंध वाढवून त्याचेच एक प्रकरण करावे. माझ्या मार्गदर्शक सरांची हरकत नव्हती. मात्र ते म्हणाले, “निबंध ज्यांनी तपासला त्या बाईंची लेखी परवानगी आण.”

मला हे अनावश्यक वाटले. निबंध माझा, अक्षर माझे. मग परवानगी कसली? सरांनी शांतपणे समजावले. लेखनाचा हक्क तुझाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्या लेखनावर तू एकदा गुण घेतले आहेस. तेच लेखन न सांगता दुसऱ्यांदा पुढे केलेस, तर एकाच श्रमाचे श्रेय दोनदा घेतल्यासारखे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. त्यांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण माझा निबंध हाती लिहून दिलेला व कोठेही न छापलेला. साम्य शोधणाऱ्या यंत्राला तो सापडणारच नव्हता. म्हणजे प्रश्न पकडले जाण्याचा नव्हता, सांगण्याचा होता.

त्याच रात्री मी पत्र लिहिले. अर्धे पान बाईंच्या अध्यापनाच्या स्तुतीत गेले, आणि शेवटी एक वाक्य: ‘सदर निबंध विस्तारून प्रबंधिकेत समाविष्ट करण्यास कृपया परवानगी द्यावी.’ दुसऱ्या दिवशी बाईंनी ते वाचून परत केले. “विस्तारून म्हणजे काय? बाराची तीस पाने करणार, की नवे काही सांगणार? आणि मी कशाला संमती द्यायची, ते या पत्रात कोठे आहे?”

बाईंचा प्रश्न रास्त होता. शिक्षकाने तीन गोष्टींचा निर्णय करायचा असतो: जुन्यातले किती राहणार, नवे काय येणार, आणि जुन्याची कबुली कोठे दिली जाणार. यांपैकी एकाचेही उत्तर माझ्या पत्रात नव्हते. खरे सांगायचे तर माझ्यापाशीही नव्हते. मी निबंध काढून पुन्हा वाचायला बसलो.

वाचताना समासातली बाईंची लाल शाईतली नोंद दिसली: ‘यमूने हे सांगितले केव्हा, आणि कोणासाठी?’ निबंधात मी एवढेच म्हटले होते की, यमू स्वतः बोलते म्हणून वाचकाला कळवळा वाटतो. भोगणारी लहान यमू आणि मागे वळून पाहणारी यमू यांतले अंतर मी पाहिलेच नव्हते. ते बाईंनी दाखवले होते. आणि नवीन प्रकरणाचा जो आराखडा मी मनात धरला होता, तो नेमका याच प्रश्नावर उभा होता! मी तो माझा म्हणूनच वागवीत होतो. पहिल्या पत्रात या नोंदीचा उल्लेखही नव्हता.

येथे मला परवानगीपत्राचा खरा अर्थ कळला. आपले जुने वाक्य पुन्हा वापरणे एक, आणि तपासणाऱ्याची सूचना आपल्या नावावर घेणे वेगळे. पहिल्यासाठी संमती लागते; दुसऱ्यासाठी संमती तर हवीच, शिवाय ऋणनिर्देशही. या दोन गोष्टी पत्रात वेगवेगळ्या सांगाव्या लागतात.

मग नव्या भागाचा विचार केला. ही कादंबरी ‘करमणूक’ पत्रात १८९० पासून क्रमशः आली व नंतर पुस्तकरूप झाली. निबंधासाठी मी फक्त पुस्तक वाचले होते. शिवाय बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटन’ची नायिकाही यमुनाच, पण तिची कथा लेखक सांगतो. तेथे विधवांची दुःखे नायिका प्रवासात पाहते, येथे नायिका ती स्वतः भोगते व सांगते. ही तुलना निबंधात नव्हती. असे नवे साहित्य दोन-तीन वाक्यांत नाव घेऊन सांगता आले, तर निबंधाचे प्रकरण होऊ शकते. ‘अधिक सखोल विवेचन’ एवढेच सुचत असेल, तर बहुधा पानेच वाढतात. दुसरे पत्र असे झाले:

‘आदरणीय बाईंस,
सा. न. वि. वि.

गेल्या वर्षीच्या दुसऱ्या सत्रात कादंबरीच्या अभ्यासपत्रिकेसाठी मी “‘पण लक्षात कोण घेतो?’मधील निवेदन” हा बारा पानांचा निबंध आपणांकडे दिला होता. त्यावर मला गुण मिळाले आहेत. तो विस्तारून प्रबंधिकेचे तिसरे प्रकरण करण्यास आपली संमती असावी, ही विनंती. मार्गदर्शक सरांची अनुमती मिळाली आहे.

प्रकरण सुमारे पस्तीस पानांचे होईल. जुन्या निबंधातील चार पाने, म्हणजे निवेदनाच्या पद्धतीचे वर्णन, थोड्या फेरफाराने राहतील. उरलेली आठ गाळीन. नव्याने दोन गोष्टी येतील: “यमुनापर्यटन”शी तुलना, आणि “करमणूक”मधील हप्ते कोठे थांबतात याचा निवेदनावरील परिणाम.

यमू केव्हा व कोणासाठी सांगते, हा प्रकरणाचा मुख्य प्रश्न आपल्या समासातील नोंदीवरून घेतला आहे. तो वापरण्यास स्वतंत्र संमती मागतो. प्रकरणाच्या पहिल्या तळटीपेत पूर्वीचा निबंध व आपली नोंद या दोहोंचा उल्लेख करीन. तळटीपेचा मसुदा, मूळ निबंध व प्रकरणाचा आराखडा सोबत जोडला आहे.

आराखडा या महिनाअखेर विभागाकडे द्यायचा आहे. तत्पूर्वी आपले लेखी उत्तर मिळाल्यास आभारी होईन. आपली हरकत असल्यास हे प्रकरण नव्या विषयावर लिहीन.

आपला विद्यार्थी’

शेवटचे वाक्य लिहिताना हात अडखळला होता. पण नकाराला जागा नसलेली विनंती ही विनंती नसते. ते वाक्य असल्यामुळे समोरच्याला मोकळेपणाने विचार करता येतो.

बाईंनी पत्राखालीच उत्तर लिहिले. संमती दिली, पण एक अट घातली: ‘करमणूक’चे अंक प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय हप्त्यांविषयी एक ओळही लिहायची नाही. अंक मिळाले नाहीत तर तो भाग गाळून तुलना वाढवायची. आपल्या नोंदीबद्दल एवढेच लिहिले की, प्रश्न विचारणे हे माझे काम होते, उत्तर तुझे असू दे. तळटीप मात्र राहू दे.

ते पत्र मी प्रबंधिकेच्या कागदांत जपून ठेवले आहे. तोंडी होकार पुरला असता असे काही मित्र म्हणतात. पण परीक्षक मौखिकीत विचारतील तेव्हा बाई तेथे असतीलच असे नाही, कागद असेल. आणि त्याहून मोठा लाभ असा की, परवानगी मागताना जुन्या बारा पानांतली आठ गाळण्याजोगी आहेत, हे मला स्वतःच्या हाताने लिहावे लागले. पहिल्याच पत्रावर संमती मिळाली असती, तर ती आठही पाने आज प्रबंधिकेत असती.